विषय ताज्या कलमात सापडला

*नमस्कार ताई,*

*मी गेली सात वर्षं डेटाबेस सांभाळते. एका तांत्रिक परिषदेला ‘पोस्टग्रेस: सर्वोत्तम पद्धती आणि कार्यक्षमता’ या विषयावर भाषणाचा प्रस्ताव पाठवला होता. एका ओळीत नकार आला. आता दुसऱ्या एका परिषदेने प्रस्ताव मागवले आहेत. फॉर्म नाही, समितीला थेट मेल करायची आहे. अर्ध्या तासाचं सत्र, आणि मेलमध्ये विषयाचा सारांश, श्रोत्यांना काय मिळेल ते, आणि माझा अनुभव हवा आहे. जुनी मेल सोबत जोडते. माझं कुठे चुकलं?*

*– डेटाबेसवाली*

*ता. क. गेल्या वर्षी माझ्याच एका साध्या ALTER TABLE मुळे आमची साइट ११ मिनिटं ठप्प झाली होती. हे समितीला कळलं तर माझ्या अनुभवावर पाणी पडेल का?*

---

डेटाबेसवाली ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. पाणी पडणार नाही. समिती ज्या भाषणाला जागा देईल ते भाषण तुमच्या त्या ताज्या कलमात आहे. तुम्ही जोडलेल्या जुन्या मेलमध्ये मी ते शोधलं, मला सापडलं नाही.

मी काही वर्षं अशा समित्यांवर काम केलं आहे, म्हणून आतलं चित्र सांगते. समितीतली माणसं बहुतेक आपापली नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर प्रस्ताव वाचायला बसतात. एकेक प्रस्ताव दोघं-तिघं स्वतंत्रपणे वाचतात आणि गुण देतात. जागांच्या कितीतरी पट प्रस्ताव आलेले असतात. अगदी वरचे आणि अगदी खालचे प्रस्ताव गुणांवरच निकालात निघतात. बैठकीत चर्चा होते ती मधल्या ढिगाची, आणि पहिल्यांदाच बोलणाऱ्या माणसाचा प्रस्ताव बहुधा तिथेच असतो. त्या बैठकीत कोणीतरी एकाने तुमची बाजू घ्यावी लागते: ‘तो अकरा मिनिटं ठप्प झालेल्या साइटचा प्रस्ताव आहे ना, तो घेऊ या.’ तुमच्या जुन्या मेलची बाजू घ्यायला निघालेला माणूस काय बोलला असता? ‘ते पोस्टग्रेसच्या सर्वोत्तम पद्धतींचं आहे ते.’ त्यावर समोरचा विचारतो, ‘त्यातलं कोणतं?’ कारण त्या नावाचे आणखी दोन-तीन प्रस्ताव ढिगात हमखास असतात. मग त्यांची आपसात तुलना होते, आणि ज्याचं नाव आधी ऐकलेलं असतं तो पुढे जातो. तुमचं ज्ञान कमी पडलं असं यात कुठेच नाही. तुमच्या बाजूने बोलणाऱ्याच्या हाती तुम्ही वाक्यच दिलं नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा की मेल वरून खाली लिहू नका. आधी श्रोत्यांच्या पदरात काय पडणार तेवढंच लिहा, मग सारांश, मग अनुभव. शीर्षक सगळ्यात शेवटी. समितीला वाचायला क्रम नेहमीचाच द्यायचा. लिहिण्याचा क्रम मात्र उलटा.

तुमच्या जुन्या मेलमध्ये श्रोत्यांना काय मिळेल या मथळ्याखाली ही वाक्यं आहेत: ‘पोस्टग्रेसच्या कार्यक्षमतेची सखोल माहिती मिळेल. इंडेक्सचं महत्त्व समजेल. डेटाबेसमध्ये बदल करताना घ्यायच्या काळजीविषयी जाणीव निर्माण होईल.’ तिन्ही वाक्यांचं क्रियापद बघा. मिळेल, समजेल, निर्माण होईल. यात श्रोता काहीच करत नाही, त्याच्यावर काहीतरी होतंय. आणि झालं की नाही हे कसं तपासणार? मी हे वाचताना एक साधी युक्ती करते. वाक्याच्या आधी ‘परिषदेनंतरच्या सोमवारी, आपल्या टेबलावर बसून, श्रोता’ एवढे शब्द मनातल्या मनात जोडते. ‘सोमवारी आपल्या टेबलावर बसून श्रोता जाणीव निर्माण होईल’ हे व्याकरणातसुद्धा बसत नाही. तिथेच कळतं की वाक्य पोकळ आहे.

आता तुमची अकरा मिनिटं घेऊ. मी उलट मेल करून काही तपशील विचारले होते, ते तुमच्या परवानगीने मांडते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

ऑर्डरच्या टेबलात भेटीसोबतच्या संदेशासाठी एक रिकामा कॉलम जोडायचा होता. चाचणीच्या सर्व्हरवर काम दोन मिलिसेकंदांत झालं. खऱ्या सर्व्हरवर तीच आज्ञा दिली आणि काही सेकंदांत साइट गोठली. सर्व्हरवर ताण नाही, डिस्क मोकळी, सीपीयू जवळजवळ रिकामा. टीमला आधी नेटवर्कचा संशय आला, मग ॲप्लिकेशन सर्व्हर पुन्हा सुरू करून झाले. अकराव्या मिनिटाला कोणी काहीच दुरुस्त न करता साइट आपसूक चालू झाली. तुम्ही लिहिलंय, ‘आपसूक सुरू झाली याचीच जास्त भीती वाटली.’ हे वाक्य भाषणात ठेवा.

कारण तुम्हाला दुसऱ्या दिवशी सापडलं. जे वाचक डेटाबेसच्या कामात नाहीत त्यांच्यासाठी थोडं उलगडते. टेबल म्हणजे एक खोली समजा. वाचणारे कितीही जण एका वेळी आत बसू शकतात, पण रचना बदलणाऱ्याला खोली क्षणभर पूर्ण रिकामी लागते. पोस्टग्रेसमध्ये त्या हक्काला ACCESS EXCLUSIVE लॉक म्हणतात. त्या दिवशी आत एक मोठा अहवाल वीस मिनिटांपासून वाचत बसला होता. रचना बदलणारी तुमची आज्ञा, म्हणजे ALTER TABLE, दारात येऊन थांबली. इथपर्यंत कुणाचंच बिघडत नाही. बिघडतं ते पुढे: तिच्यानंतर जो येईल त्यालाही तिच्या मागेच थांबावं लागतं, मग त्याला नुसतं वाचायचं का असेना. एरवी अहवालाच्या शेजारी बसून सुखाने वाचू शकले असते असे शेकडो जण दाराबाहेर रांगेत. ॲप्लिकेशन सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने रांगेत नवे लोक आले, एवढंच. अहवाल संपला, ALTER ने आपले दोन मिलिसेकंद घेतले, रांग सुटली.

हे वाचताना तुमच्या भाषणाचे तीन मुद्दे मला आपोआप दिसले, कारण त्या दिवशी तुम्हाला नेमकं जे यायला हवं होतं तेच श्रोत्याला शिकवायचं आहे. रांग लागली आहे हे ओळखता यायला हवं होतं. लागलेली रांग मोडता यायला हवी होती. आणि मुळात ती लागणारच नाही अशी आज्ञा लिहिता यायला हवी होती. यातला मधला मुद्दा समितीतल्या जाणकाराला थांबवेल असा आहे, कारण त्याचं उत्तर पटकन सुचत नाही. घाबरलेला माणूस अहवाल मारायला धावतो. खरं तर वाट पाहत असलेली ALTER रद्द केली की मागची रांग तत्काळ वाहू लागते. अहवाल चालू राहतो, आणि ALTER ने अजून काही केलेलंच नसल्यामुळे गमावण्यासारखंही काही नसतं. असा एखादा उलटा वाटणारा पण तपासता येणारा मुद्दा प्रस्तावात असेल तर तो झाकून ठेवू नका.

झाकून ठेवण्याचा मोह फार जणांना होतो. ‘यावरचा अनपेक्षित उपाय भाषणात उलगडेन’ असं लिहितात. प्रेक्षकांसाठी हे ठीक असेल, पण समितीला शेवट माहीत असावाच लागतो. उपाय खरा आहे का, की जुनाच सल्ला नव्या कपड्यात आहे, हे तिला ठरवायचं असतं. रहस्य राखणारा प्रस्ताव मी तरी ‘उपाय अजून ठरलेला नाही’ असाच वाचते, आणि बऱ्याचदा ते खरंही निघतं. छापील कार्यक्रमपत्रिकेत रहस्य हवंच असेल तर निवड झाल्यावर त्यांना दोन ओळींचा वेगळा मजकूर द्या.

मुद्दे तीनच का, हेही सांगते. अर्ध्या तासाच्या सत्रात प्रश्नांसाठी पाच मिनिटं सोडली तर बोलायला पंचवीस उरतात. प्रसंग सांगायला पाच गेली. एक गोष्ट समोरच्याला करता येईल इतपत दाखवायला सहा-सात मिनिटं लागतात. गणित तिथेच संपतं, आणि समिती हे गणित करतेच. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी वीस मिनिटांसाठी सात मुद्दे दिले होते. तेव्हाच्या आयोजकांनी तो घेतला, हे माझं दुर्दैव. पाचव्या मुद्द्यावर असताना समोरच्या बाईंनी वेळ संपल्याची पाटी वर केली आणि उरलेल्या दोन मुद्द्यांसाठी आलेले लोक माझ्याकडे नुसते बघत राहिले. समितीवर बसल्यावर असा लांबलचक मुद्द्यांचा प्रस्ताव दिसला की मला ती पाटी आठवते.

तिसरा मुद्दा नेमका करताना तुम्ही मला दिलेल्या या दोन ओळी मेलमध्ये जशाच्या तशा घाला:

```sql
SET lock_timeout = '2s';
ALTER TABLE orders ADD COLUMN gift_note text;
```

पहिली ओळ म्हणते, लॉकसाठी दोन सेकंद वाट बघ, नाही मिळालं तर बदल सोडून दे. मग या ओळी चालवणारी तुमची स्क्रिप्ट थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करते. मेलमध्ये सहसा कोड घालू नये असं मी सांगते, पण दोन ओळींनी एक पानभर आश्वासनांचं काम होत असेल तर घालावा. आणि याच्या मर्यादाही तुम्हीच सांगा. त्या दोन सेकंदांत मागे रांग लागतेच, फक्त ती दोन सेकंदांपेक्षा लांबत नाही. शिवाय ही आज्ञा फक्त वाट पाहण्यावर मर्यादा घालते. कॉलमचा प्रकार integer वरून bigint करायचा असेल तर पोस्टग्रेस सगळं टेबल नव्याने लिहितो, आणि तोवर लॉक धरून ठेवतो. तिथे ही युक्ती उपयोगाची नाही. ‘हे भाषण कशावर नाही’ असं एक वाक्य प्रस्तावात असलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, कारण ज्याने काम केलंय त्यालाच काम कुठे थांबतं ते ठाऊक असतं.

आता अनुभव. तुमच्या जुन्या मेलमध्ये हा भाग सगळ्यात लांब आहे: शिक्षण, दोन प्रमाणपत्रं, पाच डेटाबेसांची नावं, ‘संघात काम करण्याची आवड’. हा नोकरीचा अर्ज झाला. समितीचा प्रश्न वेगळा असतो, की *हे* भाषण द्यायला हाच माणूस का? तेव्हा तिन्ही मुद्द्यांच्या समोर स्वतःला विचारा, हे मी कुठे केलं? रांग ओळखणं: त्या दिवशीच्या नोंदींमधून तुम्ही स्वतः कारण शोधलं. रांग मोडणं: तुम्ही लिहिलंय की नंतर एकदा तसंच झालं तेव्हा चाळीस सेकंदांत सोडवलं. रांग टाळणं: गेल्या वर्षभरात रचनेतले साठेक बदल त्याच स्क्रिप्टने केले, त्यातले काही पहिल्या प्रयत्नात माघार घेऊन नंतर बिनबोभाट झाले. मुद्द्यासमोर अनुभव सापडला नसता तर मी तो मुद्दाच कापायला सांगितला असता. ज्याच्यासमोर मुद्दा नाही तो अनुभवही कापायचा, म्हणून प्रमाणपत्रं गेली.

चूक सांगायला तुम्हाला लाज वाटते, ते समजू शकते. पण बघा, चूक सांगणारे दोन प्रकारचे असतात. एकाला अजून कारण कळलेलं नसतं, त्याचं भाषण गाऱ्हाणं होतं. दुसऱ्याने कारण शोधून पुढचं वर्षभर तेच काम नीट केलेलं असतं. तुमच्या मेलमध्ये अकरा मिनिटांच्या शेजारी ते साठ बदल दिसले पाहिजेत, मग कोणी तुम्हाला पहिल्या प्रकारात घालणार नाही. यात एक काम मात्र मेल पाठवण्याआधी करा. साइट तुमच्या कंपनीची आहे, तेव्हा ही घटना जाहीर सांगायची लेखी परवानगी वरिष्ठांकडून घ्या. आकडे सांगू नका म्हणाले तर टेबलाचा आकार गाळा, कंपनीचं नाव गाळा. रांगेचं गणित त्याशिवायही कळतं. निवड झाल्यावर परवानगी नाकारली गेली आणि कार्यक्रमपत्रिकेत भोक पडलं, हे मी पाहिलं आहे. असं एकदा झालं की ते नाव समितीच्या लक्षात राहतं.

बोलण्याच्या अनुभवाचं तुम्ही लिहिलं नव्हतं, विचारल्यावर म्हणालात की टीममधल्या पंधराजणांना हे एकदा समजावून सांगितलं होतं. मग ते लिहा ना. पहिल्यांदा बोलणाऱ्याबद्दल समितीला एवढीच धास्ती असते की ऐन वेळी गडबडेल का. पंधराजणांसमोर हाच विषय मांडून झालेला आहे आणि त्यांनी काय विचारलं, हे एका ओळीत आलं की धास्ती बरीच कमी होते.

आणखी एक बारीक गोष्ट. काही समित्या पहिल्या फेरीत वक्त्याचं नाव झाकून वाचतात. म्हणून सारांशात नाव, कंपनी, ‘मी अमुक ठिकाणी’ असं काही येऊ देऊ नका. अनुभव खाली वेगळ्या मथळ्याखाली ठेवला की त्यांना तो भाग सहज कापून बाजूला करता येतो.

तर तुमचे तपशील घेऊन मी मेल अशी बांधली. शब्द बदला, तुमच्या तोंडी बसतील असे करा.

> विषय: भाषणाचा प्रस्ताव (३० मिनिटं) – दोन मिलिसेकंदांचा बदल, अकरा मिनिटांची रांग
>
> नमस्कार,
>
> आपल्या परिषदेसाठी ३० मिनिटांच्या सत्राचा प्रस्ताव पाठवते आहे.
>
> सारांश
> चालू पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या टेबलाला रिकामा कॉलम जोडायला काही मिलिसेकंद पुरतात. एका साइटवर नेमक्या याच बदलामुळे ११ मिनिटं एकही ऑर्डर नोंदली गेली नाही. आज्ञा बरोबर होती आणि सर्व्हरवर ताण नव्हता. ALTER TABLE एका लांब चाललेल्या अहवालामागे लॉकची वाट पाहत थांबली आणि तिच्यामागे साध्या वाचनाच्या क्वेरीसुद्धा अडकल्या. ही रांग कशी लागते ते मी तीन सेशन उघडून दाखवेन. ती मोडायला अहवाल मारावा लागत नाही, थांबलेली ALTER रद्द केली की पुरतं. `lock_timeout` आणि पुन्हा प्रयत्न करणारी छोटी स्क्रिप्ट वापरली तर रांग काही सेकंदांपलीकडे वाढतच नाही. टेबल नव्याने लिहायला लावणारे बदल, उदाहरणार्थ कॉलमचा प्रकार बदलणं, या भाषणात नाहीत. तिथे हा उपाय का चालत नाही एवढं सांगेन.
>
> श्रोत्यांना काय करता येईल
> साइट गोठलेली असताना `pg_stat_activity` आणि `pg_blocking_pids()` वापरून कोण कोणाला अडवतंय ते एका मिनिटात शोधता येईल.
> लागलेल्या रांगेत नेमकं काय रद्द करायचं आणि काय चालू ठेवायचं ते ठरवता येईल.
> आपल्या पुढच्या बदलासाठी दोन सेकंदांत माघार घेणारी आणि पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट लिहिता येईल. तिचा गाभा एवढाच:
> `SET lock_timeout = '2s';`
> `ALTER TABLE orders ADD COLUMN gift_note text;`
>
> कोणासाठी
> पोस्टग्रेसवर चालणारं ॲप्लिकेशन लिहिणारे किंवा सांभाळणारे. SELECT आणि ALTER TABLE लिहिता येणं पुरेसं आहे, लॉकची माहिती गृहीत धरलेली नाही.
>
> वेळेची आखणी
> घटना ५ मिनिटं, रांग कशी लागते आणि कशी ओळखायची ७, रांग मोडणं ५, स्क्रिप्ट ६, मर्यादा २, प्रश्नोत्तरं ५. प्रात्यक्षिक माझ्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालतं. ते फसलं तर आधी केलेलं रेकॉर्डिंग सोबत असेल.
>
> माझा अनुभव
> सात वर्षं डेटाबेस सांभाळते. वर सांगितलेली आज्ञा मीच दिली होती आणि नंतर नोंदींमधून कारणही मीच शोधलं. त्यानंतरच्या वर्षात रचनेतले सुमारे ६० बदल याच पद्धतीने केले. हा विषय टीममधल्या १५ जणांसमोर मांडला आहे. सगळ्यात जास्त प्रश्न ‘नेमकं काय रद्द करायचं’ यावर आले, म्हणून त्याला वेगळा वेळ ठेवला आहे. बाहेरच्या परिषदेत हे माझं पहिलंच भाषण असेल.
>
> ही घटना जाहीर सांगायला कंपनीची लेखी परवानगी आहे. भाषणात कोणत्याही उत्पादनाची जाहिरात नाही. हे भाषण इतरत्र दिलेलं किंवा पाठवलेलं नाही.
>
> आपली,
> (नाव, फोन)

परवानगीची ओळ अर्थातच परवानगी हातात आल्यावर.

आखणीत प्रात्यक्षिक फसलं तर काय, हे मी मुद्दाम घातलं आहे. थेट प्रात्यक्षिक म्हटलं की समितीतल्या कोणाच्या तरी डोळ्यांसमोर सभागृहाचं बंद पडलेलं इंटरनेट येतंच, त्याला आधीच उत्तर मिळालेलं बरं. आणि ‘पहिलंच भाषण’ हे लपवू नका. काही परिषदा नव्या वक्त्यांसाठी जागा राखतात, सराव करून घ्यायला जुना वक्ता जोडून देतात; तुम्ही सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं?

मजकूर मेलमध्येच टाका. जोडलेली फाइल फोनवर उघडत नाही, किंवा कोणी उघडत नाही. स्लाइड आत्ता कोणी मागितलेल्या नाहीत, पाठवू नका. शीर्षकात ‘मिलिसेकंद’ आणि ‘अकरा मिनिटं’ शेजारी ठेवले आहेत ते चमकदार दिसावं म्हणून नाही. बैठकीत तुमच्या बाजूने बोलणाऱ्याला पहिलं वाक्य तिथून मिळतं. मेल पाठवण्याआधी एक चाचणी करा: टीमबाहेरच्या कोणाला ती एकदा वाचायला द्या, काढून घ्या, आणि अर्ध्या तासाने विचारा की भाषण कशावर आहे. ‘डेटाबेसवर’ असं उत्तर आलं तर सारांशाची पहिली तीन वाक्यं पुन्हा लिहा. ‘काहीतरी रांग लागते आणि लोक चुकीची गोष्ट बंद करतात’ असं आलं तर पाठवून द्या.

मुदतीच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. मेलवर प्रस्ताव घेणाऱ्या लहान परिषदांमध्ये कोणीतरी एकजण बसून ते उतरवून घेत असतो. लवकर आलेल्या मेलवर तो कधीकधी ‘श्रोत्यांची पातळी लिहिलेली नाही, कळवा’ असं विचारतोही. शेवटच्या रात्रीच्या गर्दीत तसं विचारायला कोणालाच वेळ नसतो. पोच आली नाही तर चार-पाच दिवसांनी एका ओळीत विचारा. निकालाची जाहीर केलेली तारीख उलटल्यावर पुन्हा एकदा. मधे मधे नको.

आणि समितीचं असं उत्तर आलं की ‘पूर्ण सत्र जमणार नाही, पाच मिनिटांत मांडाल का’, तर तीन मुद्दे पाच मिनिटांत कोंबू नका. ओळखणं आणि स्क्रिप्ट दोन्ही सोडा. पडद्यावर तीन सेशन, आत बसलेला अहवाल, दारातली ALTER, मागची रांग. मग सभागृहाला विचारा यातलं काय बंद करू, हात वर करू देत, आणि ALTER रद्द करून रांग सुटताना दाखवा.